द्राक्षबागेवरून ड्रोन : एका शेतफिल्मच्या हवाई शॉटचं नियोजन

काम छोटं होतं. दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला परदेशी खरेदीदारांना दाखवायला चार मिनिटांची फिल्म हवी होती. बाग, काढणी, पॅकहाउस, शेततळं एवढाच विषय. दिग्दर्शकाच्या यादीत ड्रोनचे चौदा शॉट होते. शेवटी आम्ही सहा उडवले आणि पाच वापरले. बाकीचे का गळले आणि जे राहिले ते कुठल्या उंचीवर, कुठल्या दिशेने उडाले, हे सांगण्यासारखं आहे. उंचीचा प्रत्येक आकडा जमिनीवरच्या कुठल्यातरी वस्तूने ठरवला, कॅमेऱ्याने नाही.

बाग साधारण चार एकरांची, 160 मीटर लांब आणि 100 मीटर रुंद. ओळी उत्तर-दक्षिण, दोन ओळींत नऊ फूट अंतर, वाय पद्धतीचे लोखंडी अँगल, वेलींचा माथा जमिनीपासून सव्वादोन मीटरवर. उत्तरेला पॅकहाउस उंचवट्यावर, तिथून बाग दक्षिणेकडे हळूहळू उतरत जाते आणि खाली शेततळं. पूर्वेला गाडीरस्ता आणि रस्त्याच्या कडेने 11 केव्हीची लाइन. पश्चिमेला नांगरून ठेवलेलं कांद्याचं रान आणि त्याच्या बांधावर सिल्व्हर ओकची रांग.

पहिला प्रश्न हद्दीचा होता. ओझरचा विमानतळ जवळ असल्याने मी रेकीला जाण्याआधीच डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा उघडला. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासून 200 फूट, म्हणजे 60 मीटरपर्यंतच हिरवं, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणारं क्षेत्र असतं. त्याच्यावर पिवळं सुरू होतं आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. इतरत्र हिरवी मर्यादा 400 फुटांची असते, त्यामुळे बरेच जण 120 मीटर हाच आकडा डोक्यात घेऊन फिरतात. आमची बाग बरोबर त्या पट्ट्यात पडत होती, म्हणजे छप्पर 60 मीटरवर. काम पैसे घेऊन होतं आणि ड्रोन 250 ग्रॅमच्या वरचा, म्हणून नोंदणी क्रमांक, रिमोट पायलट सर्टिफिकेट आणि तृतीय पक्ष विमा असं तिन्ही बरोबर ठेवलं. पोलीस ठाण्यात तारीख, वेळ आणि गट नंबर लिहून पत्र दिलं. हिरव्या क्षेत्रावरही तात्पुरता लाल, म्हणजे उड्डाणबंदीचा शिक्का पडू शकतो, एका वेळी 96 तासांपर्यंत. म्हणून नकाशा आदल्या रात्री पुन्हा पाहिला आणि सकाळी निघताना आणखी एकदा.

आता साठ मीटर म्हणजे नक्की कुठून साठ? माझ्या मते शेतातल्या उड्डाणात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. रिमोटच्या पडद्यावर दिसणारी उंची ही ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनची असते, त्याच्या खाली त्या क्षणी जी जमीन आहे तिच्यापासूनची नाही. आम्ही पॅकहाउससमोरून उडणार होतो. तिथून बागेचं खालचं टोक चार मीटर खाली आणि शेततळ्याचा काठ सात मीटर खाली. म्हणजे पडद्यावर 60 दिसत असताना तळ्यावर ड्रोन जमिनीपासून 67 मीटरवर असणार आणि मर्यादा नकळत मोडलेली असणार. यावर उपाय साधा होता. अॅपमधली कमाल उंची 53 वर बांधून टाकली. बागेच्या वरच्या टोकाला त्यामुळे सात मीटर वाया गेले, पण उडवताना डोक्यात बेरीज-वजाबाकी करायची गरज राहिली नाही.

तिथेच आणखी एक गोष्ट ठरवली. अण्णा, म्हणजे बागेचे मालक, सगळं फुटात बोलत होते, पडदा मीटरमध्ये दाखवत होता आणि माझा निरीक्षक, म्हणजे उड्डाणात ड्रोनवर नजर ठेवणारा सहकारी, दोन्ही मिसळत होता. रेकीच्या वेळी तो ‘तीसवर झाड आहे’ म्हणाला आणि तीस फूट की तीस मीटर हे कळायला मला दोन सेकंद लागली. जमिनीवर दोन सेकंदांनी काही बिघडत नाही, हवेत बिघडतं. त्या क्षणापासून सगळे मीटरमध्येच बोलायचे असं ठरलं. अण्णांनीही ते पाळलं.

दिग्दर्शकाचा लाडका शॉट म्हणजे सरळ वरून दिसणारी अख्खी बाग, चारही बांध चौकटीत. हा शॉट हिशेबातच बसत नव्हता. माझ्या कॅमेऱ्याच्या भिंगाचं नाभीय अंतर फुल-फ्रेमच्या 24 मिलिमीटरच्या बरोबरीचं आहे. अशा भिंगाने सरळ खाली पाहिलं तर चौकटीची रुंदी उंचीच्या दीडपट भरते. बागेच्या मध्यावर जमिनीपासून 55 मीटर मिळत होते, म्हणजे चौकट सुमारे 82 मीटर रुंद आणि 46 मीटर उभी. बाग 160 गुणिले 100. ती अख्खी मावण्यासाठी सुमारे एकशेवीस मीटरवर जावं लागलं असतं. दिग्दर्शक म्हणाले, ‘मग परवानगी काढू की.’ परवानगी काढता आली असती, पण काढणीची तारीख थांबणार नव्हती. आणि मला खरंच वाटत होतं की एकशेवीस मीटरवरून बाग म्हणजे हिरवी सतरंजी दिसते, वेल दिसत नाही.

त्याऐवजी आम्ही तोच शॉट सरकता केला. ड्रोन कांद्याच्या नांगरलेल्या रानावर 53 वर उभा करायचा, कॅमेरा पूर्ण खाली, आणि तसाच आडवा पूर्वेकडे सरकवायचा. आधी चौकटभर तपकिरी ढेकळं, मग सिल्व्हर ओकच्या माथ्यांची एक रेघ, मग बांध, आणि नंतर एकामागून एक हिरव्या ओळी चौकट भरत येतात. वेगासाठी मी एकच कसोटी वापरतो : चौकटीच्या एका कडेला दिसलेली वस्तू दुसऱ्या कडेला पोचायला किमान सात सेकंद लागली पाहिजेत, नाहीतर चित्र थरथरतं. सेकंदाला पाच मीटरने 82 मीटर पार करायला सोळा सेकंद लागतात, म्हणजे निवांत. हाच वेग जमिनीपासून सहा मीटरवर ठेवला तर चौकट फक्त नऊ मीटरची असते आणि दोन सेकंदांत सगळं सरकून जातं. खाली आलं की वेगही खाली आणायचा, हे हात शिकेपर्यंत कागदावर लिहून ठेवावं लागतं.

या शॉटची वेळ ओळींनी ठरवली. ओळी उत्तर-दक्षिण असल्याने सकाळचं ऊन त्यांना बाजूने लागतं आणि प्रत्येक ओळीची सावली पश्चिमेच्या मोकळ्या पट्ट्यात पडते. जानेवारीत तिकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. साडेआठला सावल्या नेमक्या एवढ्या असतात की ओळी उठून दिसतात आणि मधली मातीही दिसते. दुपारी बाराला तीच बाग वरून सपाट दिसली. मुद्दाम एक नमुना घेऊन मी तो दिग्दर्शकांना दाखवला, कारण त्यांनी दुपारचा शॉट अजून यादीतून काढला नव्हता. तो पाहून त्यांनी काढला.

दुसरा मोठा शॉट होता ओळींच्या माथ्यावरून जाणारा. कॅमेरा पुढे थोडा झुकलेला, पानं पायाखालून गेल्यासारखी. मूळ यादीत तो दोन ओळींच्या मधून होता. नऊ फुटांच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी वायच्या फांद्या आत झुकलेल्या असतात, तारा असतात, लोंबणारी शेंड्याची कोवळी फूट असते. ड्रोनच्या सेन्सरला भिंत दिसते, झाड दिसतं, पण अडीच-तीन मिलिमीटरची तार दिसेल यावर मी कधीच भरवसा ठेवत नाही. म्हणून मधून जाणं रद्द केलं आणि जमिनीपासून पाच मीटरवर, म्हणजे माथ्याच्या पावणेतीन मीटर वरून जायचं ठरलं. ऐंशी मीटर अंतर, सेकंदाला चार मीटर, वीस सेकंद.

दिशा मात्र मी रेकीत चुकीची लिहिली होती. तळ्याकडून पॅकहाउसकडे, कारण शेवटी पॅकहाउस चौकटीत येतं. घरी बसून चढ मांडला तेव्हा लक्षात आलं. ड्रोन आपली उंची सपाट राखतो, जमीन मात्र वर येत जाते. ऐंशी मीटरमध्ये जमीन दोन मीटर चढते. पाच मीटरवर सुरू केलेला शॉट संपताना तीन मीटरवर असणार, म्हणजे माथ्यापासून जेमतेम पाऊण मीटर. दिशा उलटी केली. वरून खाली जाताना तीच जमीन दूर जाते. शॉट पाचवर सुरू होतो आणि सातवर संपतो. हात जरा चुकला, वारा आला, उंचीमापक थोडा घसरला, तरी चूक मोकळ्या बाजूला होते. चित्रातही फायदा झाला, कारण शेवटाला दृश्य आपोआप उघडत जातं आणि पलीकडे तळं चमकतं.

रेकी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली होती आणि चित्रीकरण जानेवारीच्या अखेरीस. मधल्या काळात मण्यांत पाणी भरलं होतं. हे मी ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. चित्रीकरणाच्या सकाळी सातला, अंधुक उजेडात, मी आणि निरीक्षक त्या ओळीतून चालत निघालो. हवेत गारठा होता, रात्री पेटवलेल्या शेकोटीचा धूर अजून खालच्या टोकाला साचलेला होता. निम्म्यावर आलो तेव्हा डोक्यावर बारीक घूं-घूं ऐकू आलं, मधमाश्या असाव्यात तसं. वर पाहिलं तर काही नाही. मान तिरकी करून आकाशाच्या उजळ बाजूला पाहिलं तेव्हा दिसली : पक्षी पळवायला लावतात ती चमकीची फीत, कडेवर उभी, थरथरणारी. बांबूंना बांधून ती अख्ख्या बागेवर आडवी ओढली होती, थोड्या थोड्या अंतरावर एक, जमिनीपासून साडेतीन मीटरवर. उन्हात ती चकाकते आणि दिसते. सावलीत, कडेवरून, ती नसल्यासारखीच असते.

‘अण्णा, ही कधी लावली?’

‘परवा. मणी गोड व्हायला लागले ना. पाखरं एका सकाळी घडचे घड फोडतात.’

फीत साडेतीनवर आणि आमचा शॉट पाचवर. कागदावर दीड मीटर मोकळे होते. पण दोन बांबू साडेचारच्याही वर गेले होते आणि फीत वाऱ्याने वर फुगत होती. पंख्याच्या पात्यात अशी फीत गुंडाळली गेली तर ड्रोन तिथल्या तिथे खाली येतो, आणि पहिल्या दिशेने, तळ्याकडून चढत उडवलं असतं तर तो शेवटाला नेमका फितीच्या उंचीवर आला असता. अण्णा म्हणाले, तुमच्या दोन ओळींपुरती काढून देतो, नंतर परत बांधू. त्यांनी आणि त्यांच्या पुतण्याने अर्ध्या तासात बारा मीटरचा पट्टा मोकळा केला. आम्ही त्या पट्ट्याच्या मधोमध, पाचऐवजी सहावर उडवलं. तीन वेळा उडवलं, तिसरा वापरला. तेव्हापासून माझ्या यादीत पहिली ओळ हीच असते : उडवायच्या सकाळी मार्ग पायी चालायचा, आणि चालताना वर पाहायचं. रेकी कितीही चांगली असली तरी ती त्या दिवसापुरती असते.

तारांबद्दल थोडं सविस्तर. गाडीरस्त्यावरून क्रेट भरलेला ट्रॅक्टर येतोय आणि ड्रोन त्याच्या बरोबरीने चाललाय, असा शॉट हवा होता. रस्त्याच्या कडेला 11 केव्हीची लाइन, खांब आठ-नऊ मीटरचे. ड्रोन बागेच्या बाजूने ठेवला तर तारा चौकटीत येतात, म्हणून दिग्दर्शकांनी सुचवलं की ड्रोन तारा आणि रस्ता यांच्या मध्ये घालू, कॅमेरा बागेकडे. मी नाही म्हणालो. कारण फक्त तार जवळ येते एवढंच नव्हतं. सिग्नल तुटला तर ड्रोन आधी सरळ वर चढतो, ठरवलेली परतीची उंची गाठतो आणि मग घराकडे निघतो. तो तारेच्या खाली किंवा अगदी लगत असताना सिग्नल तुटला तर चढताना तो तारेतच जाणार, आणि त्या वेळी माझ्या हातात काही नसणार. परतीची उंची आम्ही 50 ठेवली होती, कारण गावाकडच्या बाजूला चाळीसेक मीटरचा मोबाइल टॉवर होता. ती उंची टॉवरसाठी बरोबर होती, तारेखाली उभ्या ड्रोनला ती वाचवू शकत नव्हती.

तार शोधायची नसते, खांब शोधायचे असतात. मातीच्या पार्श्वभूमीवर तार दिसतच नाही. मी गट नकाशाच्या मोठ्या प्रतीवर प्रत्येक खांब, डीपी आणि मोटारीकडे जाणारा प्रत्येक फाटा लाल पेनने जोडला आणि त्या रेघेपासून दोन्हीकडे पंधरा मीटर रेघोट्या मारल्या. त्या पट्ट्यात ड्रोन जाणार नाही. लाइन ओलांडायचीच असेल तर खांबाच्या डोक्यावरून ओलांडायची, कारण तिथे उंची डोळ्याला दिसते. दोन खांबांच्या मध्ये ती अंदाजाने ठरवावी लागते. ट्रॅक्टरचा शॉट शेवटी बागेच्या आतल्या रस्त्यावर घेतला. रस्ता अरुंद होता, चालकदादांना क्रेट एक थर कमी रचावे लागले, पण चौकटीत एकही तार नव्हती आणि मला पूर्ण वेळ ड्रोन आणि ट्रॅक्टर दोन्ही डोळ्यांनी दिसत होते.

काढणीचा शॉट माणसांचा होता, म्हणून तिथे नियम वेगळे ठेवले. पंधरा महिला ओळीत कात्री घेऊन घड काढत होत्या. माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही, आणि ड्रोन जितक्या उंचीवर असेल किमान तितकं आडवं अंतर ठेवायचं, म्हणजे तो पडला तरी बाजूला पडावा. दहा मीटर उंचीवर, पंधरा मीटर दूर, रिकाम्या ओळीवर तो स्थिर उभा केला आणि कॅमेराच हळू फिरवला. आधी मुकादम ताईंना पडद्यावर चित्र दाखवलं आणि कोणाला चौकटीत यायचं नसेल तर विचारून घ्यायला सांगितलं. दोघी दुसऱ्या ओळीत गेल्या.

इथे अण्णांनी मला एक गोष्ट शिकवली. पहिलं उड्डाण मी पॅकहाउससमोरच्या मोकळ्या मातीतून केलं आणि जवळच भरलेले क्रेट होते. पंख्यांनी धूळ उडाली ती थेट घडांवर. द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी मेणचट झाक असते. ती हात लावला तरी पुसली जाते, म्हणून काढणारी माणसंसुद्धा घड देठाला धरतात. धूळ बसलेला घड धुताही येत नाही आणि पुसताही येत नाही. अण्णा रागावले नाहीत, त्यांनी ते दोन क्रेट बाजूला केले आणि म्हणाले, ‘हे आता लोकल बाजारात जातील.’ मला फार वाईट वाटलं. त्यानंतर उड्डाणाची जागा क्रेटपासून तीस मीटर दूर नेली आणि खाली भिजवलेली पोती अंथरली. पॅकहाउसचा सिमेंटचा ओटा टाळला, कारण आतल्या लोखंडी सळ्यांनी होकायंत्र बिघडतं. त्याच कारणाने ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून किंवा अँगलच्या शेजारूनही उडवत नाही.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. सकाळी पारा आठ-नऊवर होता. थंड बॅटरी पूर्ण भरलेली दिसते आणि जोर लावला की एकदम खाली येते. बॅटऱ्या गाडीत अंगावरच्या शालीत गुंडाळून आणल्या आणि प्रत्येक उड्डाणात पहिला मिनिटभर ड्रोन डोळ्यासमोर दोन मीटरवर नुसता उभा ठेवला. तीस टक्क्यांवर परत, शॉट अर्धा असला तरी. तळ्यावरचा शॉट सहा मीटरच्या खाली आणला नाही, कारण स्थिर पाण्यावर खालचे सेन्सर फसतात आणि ड्रोन हळूहळू खाली बसायला लागतो.

राहिला सहावा, संध्याकाळचा. पॅकहाउसच्या दारातून सुरू करून मागे सरकत, वर चढत अख्खा परिसर उलगडायचा. मागे जाणाऱ्या शॉटमध्ये पायलट पुढचं चित्र पाहत असतो आणि ड्रोन न दिसणाऱ्या बाजूला जात असतो. म्हणून तो मार्ग आधी त्याच उंचीवर पुढे तोंड करून उडवतो, मग मागे. निरीक्षक ओकच्या रांगेपाशी उभा, हातात शिट्टी, एक शिट्टी म्हणजे थांब. पाच वाजता सरावाचं उड्डाण व्यवस्थित झालं. खऱ्या उड्डाणात ड्रोन पंचवीसवर असताना शिट्टी वाजली. ओकवरून दोन घारी उठल्या होत्या, एक वरून झेप घेत होती. घार वरून येते, म्हणून मी खाली न येता सरळ वर चढलो. ती दोनदा घिरटी घालून बाजूला झाली. पुतण्या धावत येऊन म्हणाला, ‘दादा, तिथं घरटं आहे तिचं, सांगायचं राहिलं.’

ड्रोन खाली घेतला. उजेड अजून होता आणि दिग्दर्शकांनी दुसऱ्या बाजूने घेता येईल का विचारलं. दुसऱ्या बाजूला लाइन होती. शॉट सोडला. नकाशावर ओकच्या शेंड्याभोवती लाल गोल काढला, त्याच्या शेजारी ‘घरटं’ लिहिलं, आणि एक प्रत अण्णांना दिली, कारण मार्चमध्ये शेजारच्या बागेत फवारणीचा ड्रोन येणार होता.